करपलेल्या मासळीचा धूर आणि पुराव्याच्या चार पायऱ्या



"करपलेलं खाऊ नको, त्यानं कॅन्सर होतो." हे वाक्य आता गावोगावी पोचलंय. कुणी मोबाईलवर वाचलेलं असतं, कुणाला शेजारणीनं सांगितलेलं असतं. निखाऱ्यावर सुका बोंबील भाजताना, तव्यावर मटणाचं सुकं परतताना ते आठवतं आणि हात जरा थबकतो. घरात कुणाला हा आजार झाला असेल तर याच वाक्याचा बोल लागतो. "सारखं भाजलेलं, करपलेलं खायची, म्हणून झालं," असं माणसं सहज बोलून जातात, आणि आजारी बाईला आजारासोबत अपराधही उचलावा लागतो.

म्हणून आज या वाक्यामागचा इतिहास सांगणार आहे. ही गोष्ट कुणी, कुठे, कशी शोधली, आणि पुरावा कुठवर पोचला? इथे पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली, करपलेल्या मांसात घातक पदार्थ सापडणं. दुसरी, त्या पदार्थानं सूक्ष्म जंतूंच्या बीजात बदल होणं. तिसरी, तो खाऊन प्राण्यांना कॅन्सर होणं. आणि चौथी, नेहमीच्या जेवणातून तो पोटात गेल्यानं माणसांना कॅन्सर होणं. पहिल्या तीन पायऱ्या पक्क्या बांधलेल्या आहेत. चौथी अजून डगमगते. ती का डगमगते, तेच समजून घ्यायचंय.

गोष्ट सुरू होते काजळीपासून. १७७५ साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्या काळी घरांच्या धुराड्यात लहान पोरांना उतरवून काजळी खरवडून घेत. पॉट यांच्या लक्षात आलं, की ही पोरं मोठी झाली की त्यांच्यात अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर दिसतो. काजळी कातडीच्या घड्यांत बसते आणि तिथेच रोग उठतो, असं त्यांनी लिहिलं. एखाद्या कामातल्या घाणीनं कॅन्सर होतो हे दाखवणारं ते पहिल्या काही लिखाणांपैकी एक.

पण काजळीतला नेमका कोणता पदार्थ? हे कळायला दीडशे वर्षं गेली. १९१५ साली जपानमध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना कित्येक महिने दगडी कोळशाचं डांबर चोळलं, तेव्हा तिथे कॅन्सरच्या गाठी उठल्या. मग १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी दोन टन डांबर गाळून, आटवून त्यातून चिमूटभर पिवळसर स्फटिक काढले. त्यांचं नाव बेंझोपायरीन. कोळसा, लाकूड, चरबी, तंबाखू असं काहीही अर्धवट जळलं की बेंझोपायरीन आणि त्याची भावंडं तयार होतात. या सगळ्या कुळाला पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन म्हणतात. आपण सोयीसाठी त्यांना धुराचं कुळ म्हणू.

हे धुराचं कुळ जेवणाच्या ताटात आहे का, हे १९६४ साली अमेरिकेत विल्यम लिजिन्स्की आणि फिलीप शुबिक यांनी तपासलं. कोळशाच्या निखाऱ्यावर भाजलेले गोमांसाचे जाड तुकडे घेऊन त्यांनी मोजमाप केलं. एका किलोमागे साधारण ८ मायक्रोग्राम बेंझोपायरीन निघालं. एक ग्रामचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्राम. पण ते आलं कुठून, हे जास्त कामाचं आहे. मांस तापलं की चरबी वितळते आणि थेंब थेंब निखाऱ्यावर पडते. ती चरबी तिथे जळते, धूर वर येतो आणि त्या धुरातलं बेंझोपायरीन मांसावर बसतं. म्हणजे भाजण्यापेक्षा जळणाऱ्या चरबीचा धूरच जास्त दोषी. पुढे असंही दिसलं, की चरबी निखाऱ्यावर पडूच दिली नाही, किंवा आच खालून न देता वरून दिली, तर बेंझोपायरीन फारच कमी होतं.

इथे थोडं मागे जाऊन एका विसरलेल्या माणसाची आठवण करायला हवी. स्वीडनमध्ये एरिक विडमार्क नावाचे शास्त्रज्ञ होते. १९३९ साली त्यांनी घोड्याचं मांस भाजलं, त्याचा अर्क काढला आणि तो उंदरांच्या कातडीवर चोळला. काही उंदरांच्या स्तनात गाठी झाल्या. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं, आणि पुढची बरीच वर्षं त्या कामाकडे फारसं कुणी वळलं नाही.

तो धागा पुन्हा हाती आला तो जपानमध्ये, आणि स्वयंपाकघरातून. टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात ताकाशी सुगिमुरा नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की घरी त्यांची बायको मासळी भाजत होती आणि धूर उठत होता. तो बघताना त्यांच्या मनात आलं, सिगारेटचा धूर वाईट, मग हा धूर कसा असेल? हा काळ १९७० च्या दशकाचा.

विचार आला तेव्हा तो तपासायचं साधनही नुकतंच हाती आलं होतं. अमेरिकेत ब्रूस एम्स यांनी एक स्वस्त आणि झटपट चाचणी तयार केली होती. तिची युक्ती आपल्याला सहज कळेल अशी आहे. साल्मोनेला नावाचे जंतू घ्यायचे, पण असे, ज्यांच्यात एक खोट आहे. वाढीला लागणारं हिस्टिडीन नावाचं एक द्रव्य त्यांना स्वतः बनवता येत नाही. ते बाहेरून दिलं नाही, तर ते वाढत नाहीत. आता एका बशीत या जंतूंना हिस्टिडीनशिवाय ठेवायचं आणि त्यात संशयित पदार्थ घालायचा. त्या पदार्थानं जंतूंच्या बीजात, म्हणजे डीएनएमध्ये, फेरफार केला, तर काही जंतूंची खोट योगायोगानं दुरुस्त होते. ते वाढू लागतात आणि बशीत ठिपके दिसतात. दोन दिवसांनी ठिपके मोजायचे. जास्त ठिपके म्हणजे बीज बिघडवण्याची ताकद जास्त.

यात आणखी एक खुबी होती. बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालत. कारण बरेच पदार्थ मुळात निरुपद्रवी असतात. आपलं यकृत त्यांना बाहेर टाकण्यासाठी बदलतं, आणि त्या बदलात काही पदार्थ उलट घातक होतात. करपलेल्या मांसातले पदार्थ नेमके या जातीचे निघाले.

सुगिमुरा आणि त्यांच्या सहकारी मिनाको नागाओ यांनी मासळी भाजतानाचा धूर काचेच्या तंतूंच्या गाळणीवर धरला. मासळीची काळी पडलेली सालही खरवडून घेतली. दोन्ही चाचणीला लावलं, तर बशा ठिपक्यांनी भरून गेल्या. १९७७ च्या सुमारास हे काम छापून आलं. मग त्यांनी हिशेब मांडला. त्या काळ्या सालीत बेंझोपायरीन किती आणि तेवढ्या बेंझोपायरीननं किती ठिपके यायला हवेत? हिशेब जुळेना. ठिपके कितीतरी पट जास्त होते. म्हणजे धुराच्या कुळाखेरीज दुसरं काहीतरी तिथे होतं, आणि ते जास्त तिखट होतं.

हे दुसरं कुळ शोधायला किती मेहनत पडली असेल, कल्पना करा. भाजलेल्या तारली मासळीचा ढीगभर अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग जंतूंवर लावून बघायचा आणि ज्यात जास्त ठिपके येतील तोच पुढे गाळायचा. असं करत करत १९८० साली एक नवीन पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळाला. त्याला आयक्यू असं छोटं नाव पडलं. पुढे त्याची भावंडं तळलेल्या गोमांसातही सापडू लागली. १९८६ साली कॅलिफोर्नियात जेम्स फेल्टन यांच्या गटाला तळलेल्या खिम्यात फिप नावाचं भावंड मिळालं. वजनानं हेच सगळ्यात जास्त आढळतं. या कुळाचं नाव हेटरोसायक्लिक अमाइन. आपण त्याला तव्याचं कुळ म्हणू, कारण याला धूर लागत नाही, नुसती कडक आच पुरते.

ही अमाइनं तयार कशी होतात? प्राण्यांच्या स्नायूंत क्रिएटिन नावाचं द्रव्य असतं. चालायला, धावायला लागणारी ताकद साठवण्यासाठी ते तिथे असतं. मांसातली प्रथिनं, थोडी साखर आणि हे क्रिएटिन कडक आचेवर एकत्र आले, की ही अमाइनं बनतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, वांगं, भाकरी, बटाटा यांत क्रिएटिन नसतं. त्यामुळे वांग्याची साल काळी झाली, तरी क्रिएटिनपासून होणारी ही अमाइनं त्यात होत नाहीत. दुसरी, पाणी शंभर अंशाला उकळतं आणि रस्सा त्यापुढे तापत नाही. तेवढ्या आचेत ही अमाइनं जवळजवळ बनत नाहीत. तवा मात्र दोनशे अंशांच्या वर सहज जातो. म्हणून रश्श्यातलं मटण आणि तव्यावर कडक केलेलं मटण यांत मोठा फरक पडतो, मटण तेच असलं तरी. आणि मांस काळं व्हायलाच हवं असंही नाही. खूप वेळ परतून गडद तपकिरी झालं, तरी थोडी अमाइनं असतातच.

पहिल्या दोन पायऱ्या इथे पूर्ण झाल्या. पदार्थ सापडले आणि ते जंतूंचं बीज बिघडवतात हे दिसलं. पण जंतू म्हणजे माणूस नव्हे. जंतूंच्या बशीत ठिपके आणणाऱ्या प्रत्येक पदार्थानं कॅन्सर होतोच असं नाही.

म्हणून तिसरी पायरी, प्राण्यांची. जपानमध्ये ही अमाइनं मोठ्या उंदरांच्या खाद्यात कालवून महिनोन् महिने देण्यात आली. १९९१ साली फिपचा निकाल आला. ज्या माद्यांना ते दिलं होतं, त्यांच्यातल्या निम्म्याच्या आसपास माद्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. नरांमध्ये निम्म्याच्या आसपास उंदरांना मोठ्या आतड्याचा झाला. स्तन आणि आतडं, म्हणजे माणसांत जे कॅन्सर बरेच दिसतात तेच. साहजिकच सगळे हादरले.

आता या उंदरांच्या ताटाचा हिशेब आपण करू. त्यांच्या एक किलो खाद्यात ४०० मिलिग्राम फिप होतं. म्हणजे ४ लाख मायक्रोग्राम. आपण खूप कडक भाजलेलं, तळलेलं मांस धरलं, तर त्यात किलोमागे साधारण काही मायक्रोग्राम ते काही दहा मायक्रोग्राम फिप असतं. सोयीसाठी २० मायक्रोग्राम धरू. ४ लाखाला २० नं भागलं, की येतात २० हजार. म्हणजे उंदरांच्या खाद्यात फिप आपल्या कडक मांसापेक्षा वीस हजार पट दाट होतं. शिवाय ते उंदीर दुसरं काही खातच नव्हते. आपण मटण खातो ते आठवड्यातून, महिन्यातून कधीतरी, आणि तेही भाकरीसोबत.

मग ही भीती फोलच म्हणायची का? तसंही नाही. उंदीर जेमतेम दोन-तीन वर्षं जगतो, माणूस सत्तर वर्षं खातो. शिवाय कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी आतड्याची शस्त्रक्रिया होणार असलेल्या काही रुग्णांना त्यांच्या संमतीनं अगदी सूक्ष्म, खूण केलेला डोस दिला आणि काढलेल्या आतड्याचा तुकडा तपासला. अमाइनं माणसाच्या डीएनएला चिकटतात हे त्यातून दिसलं, आणि तेवढ्याच डोसाला उंदरापेक्षा माणसात जास्त चिकटतात असंही दिसलं. म्हणजे उंदरावरून माणसाचा अंदाज बांधताना चूक दोन्हीकडे होऊ शकते. शेवटी माणसांकडेच बघावं लागतं.

ही चौथी पायरी. इथे मी बायकांवरच्या दोन अभ्यासांची गोष्ट जरा निवांत सांगते, कारण सगळं मर्म त्यांत आहे.

अमेरिकेत आयोवा नावाचं शेतीप्रधान राज्य आहे. तिथल्या पंचावन्न ते एकोणसत्तर वयाच्या चाळीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास १९८६ साली सुरू झाला. त्यांतल्या ज्यांना पुढे स्तनाचा कॅन्सर झाला अशा २७३ जणी आणि न झालेल्या ६५७ जणी निवडून त्यांना विचारलं गेलं, की तुम्ही मांस कितपत कडक करून खाता? नुसत्या शब्दांवर न सोडता कच्चट, मध्यम, कडक अशा तुकड्यांचे रंगीत फोटो दाखवले. १९९८ साली निकाल आला. तीन नेहमीचे मांसाचे पदार्थ कायम खूप कडक करून खाणाऱ्या बायकांमध्ये, ते कमी शिजवून खाणाऱ्यांपेक्षा, स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण साडेचार पटींहून जास्त दिसलं. आजही हा आकडा लेखांत फिरताना दिसतो.

आता यातला नाजूक दुवा बघा. मांस किती कडक खाता, हा प्रश्न विचारला गेला तो आजार कळल्यानंतर. आपल्यावर असा आजार आला की आपण काय करतो? मागचं सगळं उकरून बघतो. काय खाल्लं, काय चुकलं, कुठे हयगय झाली. निरोगी बाई त्याच प्रश्नाला "काय माहीत, मध्यम असेल" असं म्हणून मोकळी होते. दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नसतं, पण आठवण दोघींची सारखी नसते. शिवाय कडक मांस खाणारीच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. आणि सगळे कडक खाणाऱ्या बायका मुळात थोड्याच असतात, म्हणून चार-पाच जणी इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडा मोठा हलतो.

याला उपाय एकच. बायका निरोगी असतानाच आधी विचारून लिहून ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायची. असा दुसरा, फार मोठा अभ्यास अमेरिकेतच झाला. त्यात पाळी गेलेल्या १ लाख २० हजार ७५५ बायका होत्या. काय खाता, कसं शिजवता, कितपत कडक करता, हे आधीच विचारलेलं होतं. आठ वर्षांत त्यांतल्या ३ हजार ८१८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. २००९ साली हिशेब छापून आला. कडक मांस खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या बायकांमध्ये फरक दिसला नाही. साडेचार पट तर सोडाच, थोडीही वाढ ठामपणे सांगता आली नाही.

एका अभ्यासात साडेचार पट, दुसऱ्यात काहीच नाही. दोन्ही शास्त्रज्ञांचेच, दोन्ही छापलेले. कुणावर जास्त विश्वास ठेवायचा? ज्यात माणसं जास्त, ज्यात प्रश्न आजाराच्या आधी विचारले, त्यावर. बातमी ऐकली की हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा: किती जणी होत्या? आणि त्यांना आजाराआधी विचारलं की नंतर?

आतड्याच्या कॅन्सरचं चित्र थोडं वेगळं आहे. स्वीडनमध्ये १९९९ साली छापलेल्या एका अभ्यासात तळलेल्या मांसाच्या अमाइनांचा आतडं, मूत्राशय किंवा मूत्रपिंड यांच्या कॅन्सरशी नेहमीच्या खाण्याच्या प्रमाणात संबंध दिसला नाही. पण २०१० साली अमेरिकेतल्या तीन लाख स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात, एक विशिष्ट अमाइन सगळ्यात जास्त खाणाऱ्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी जास्त दिसलं. फिपच्या बाबतीत तसं दिसलं नाही. म्हणजे आतड्याबाबत संशय आहे, पण छोटा आहे आणि एकसारखा दिसत नाही.

या सगळ्याचा एकत्र निवाडा २०१५ साली झाला. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था फ्रान्समध्ये आहे. तिथे दहा देशांतले २२ शास्त्रज्ञ बसले आणि त्यांनी आठशेहून जास्त अभ्यास चाळले. टिकवण्यासाठी खारवलेलं, धुरवलेलं, प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सर करतं, असं त्यांनी पक्कं ठरवलं. हे मांस पहिल्या गटात गेलं. बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस यांचं लाल मांस "बहुधा करतं" या त्याखालच्या गटात गेलं. कोंबडी आणि मासळी या निवाड्यात नव्हत्या. आणि मांस कसं शिजवलं यानं धोका बदलतो का? यावर ठाम निष्कर्ष काढायला पुरेशी माहिती नाही, असं त्यांनी लिहिलं. करपलेल्या मांसाबद्दल आज ठामपणे बोलणाऱ्या कुणालाही हे वाक्य ऐकवायला हरकत नाही.

गट म्हणजे काय, हेही समजून घ्या, कारण इथेच मोठा घोळ होतो. पहिला गट म्हणजे पुरावा सगळ्यात पक्का, धोका सगळ्यात मोठा असं नव्हे. तंबाखूही पहिल्या गटात आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही. पण दोघांचा धोका सारखा नाही. त्या निवाड्यात होतं, की रोज ५० ग्राम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा, हजार जणींमध्ये १० जणींना हा आजार होणार असेल. त्या हजारही जणींनी रोज ५० ग्राम असं मांस खाल्लं, तर १० च्या जागी साधारण १२ जणींना होईल. वाढ खरी आहे, पण केवढी, हे आता डोळ्यांसमोर येतं.

आता धुराच्या कुळाकडे परत येऊ. बेंझोपायरीन स्वतः आज पहिल्या गटात आहे. माणसात कॅन्सर करतं, याबद्दल शंका उरलेली नाही. पण तो पुरावा भाजलेल्या मांसातून आलेला नाही. तो आला डांबर आणि कोळशाच्या कामात वर्षं घालवलेल्या मजुरांकडून, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून. चीनमध्ये शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथे बायका सिगारेट ओढत नसत, पण त्यांच्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण फार मोठं होतं. कारण घरात धुराडं नसलेल्या चुलीत धूर करणारा दगडी कोळसा जळत असे. पुढे लोकांनी धुराड्याच्या चुली बसवल्या, आणि ज्या घरांत त्या आल्या तिथल्या बायकांमध्ये हा कॅन्सर जवळपास निम्म्यानं घटला. आपल्याकडच्या लाकडाच्या चुलीचा धूर "बहुधा" या गटात आहे.

याच कुळाचा आणखी एक सदस्य आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांना लावायची, ही सवय महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांना आहे. तंबाखू भाजताना तिच्यात बेंझोपायरीनही तयार होतं, आणि तंबाखूचं स्वतःचं विष असतंच. न ओढता तोंडात धरलेल्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, याचा पुरावा चारही पायऱ्या चढून गेलेला आहे. बोंबील करपला म्हणून घाबरायचं आणि जेवण झाल्यावर मिश्री लावायची, हा हिशेब उलटा आहे.

मग स्वयंपाकात काय करायचं? जे करायला पैसे लागत नाहीत आणि ज्याचा उपयोग मोजून पाहिला आहे, तेवढंच सांगते. मांस तव्यावर करायचं असेल, तर आच मध्यम ठेवा आणि तुकडे सारखे उलटत राहा. फेल्टन यांच्याच प्रयोगशाळेत खिम्याच्या वड्या तळून बघितल्या होत्या. एकदाच उलटलेल्या वड्यांपेक्षा दर मिनिटाला उलटलेल्या वड्यांत घातक पदार्थ बरेच कमी झाले, आणि वड्या आतपर्यंत नीट शिजल्याही. निखाऱ्यावर भाजताना ज्वाळा निघून गेल्यावरच मासळी ठेवा आणि चरबी निखाऱ्यात गळू देऊ नका. कोळशासारखी काळी झालेली साल काढून टाका. रस्सा, कालवण, वाफवलेलं यांची काळजी करायचं कारण नाही.

आणि एक गोष्ट याहून महत्त्वाची. करपेल या भीतीनं मांस कच्चं ठेवू नका. अर्धवट शिजलेल्या कोंबडीनं जुलाब-उलट्या लागतात आणि लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. तो धोका दोन दिवसांत समोर येतो आणि त्याचा पुरावा शोधायला आयोवाला जावं लागत नाही.

शेवटचं, ज्या घरात आजारी बाई आहे त्या घरासाठी. हजारो माणसांच्या हिशेबात एक-दोन टक्के इकडे तिकडे दिसणं वेगळं, आणि एका बाईला नेमका कशानं आजार झाला हे सांगणं वेगळं. करपलेल्या मांसाच्या बाबतीत तर हजारोंच्या हिशेबातही उत्तर स्पष्ट मिळालेलं नाही. त्यामुळे "तू करपलेलं खाल्लंस म्हणून झालं," असं कुणी म्हटलं, तर तिला सांगा, की असं म्हणायला जगातल्या कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही. तिला वेळेवर औषधोपचार मिळाले पाहिजेत, आणि ताटात भाजलेली मासळी तिला आवडत असेल, तर काळी साल काढून तीही.